आधी बैठक, मग पडदा

रविवारी सकाळी डोंबिवलीला बहिणीकडे गेले, तेव्हा भाचा पलंगाच्या अगदी कडेला बसून खेळत होता. कोपरं गुडघ्यांवर, मान पुढे, डोळे बारीक केलेले. मी दारातच उभी राहून बघत राहिले. नुसतीच पळापळ चालू असली की तो मागे सरकून भिंतीला टेकायचा. पडद्यावर काही लिहून आलं की पुन्हा कडेला यायचा. दहा मिनिटांत असं सात वेळा झालं. स्वयंपाकघरातून बहीण ओरडली, "मागे सरक रे, डोळे जातील!" तो मागे सरकला, आणि पुढच्या कामगिरीची सूचना पडद्यावर आली तसा परत पुढे आला.

"मावशी, ५५ इंची टीव्ही हवाय. हा ३२चा फारच बारीक दिसतो. तू सांग ना आईला."

त्याची तक्रार खरी होती. ३२ इंचांचा पडदा त्या खोलीत लहानच पडत होता. पण ५५चा आकडा कुठून आला, असं विचारल्यावर तो म्हणाला की मित्राकडे तेवढा आहे आणि दुकानातही तो काही फार मोठा वाटला नाही. दुकानातला दिवाणखाना मोठा असतो, छत उंच असतं, आणि आपण बारा-पंधरा फुटांवरून रांगेतले टीव्ही बघत असतो. तिथे ५५ इंच लहानच दिसणार. तोच टीव्ही आठ फुटांच्या खोलीत आला की सबंध भिंत व्यापतो. म्हणून मी शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि त्याला म्हटलं, आकडा नंतर ठरवू, आधी तुझे डोळे कुठे असतात ते मोजू.

मी स्वतः बरीच वर्षं कन्सोलवर खेळते, तेही अशाच लहान खोल्यांमधून. त्यामुळे हे ठाम सांगू शकते की लहान खोलीत पडद्याची निवड बैठकीवरून करायची असते. मोठ्या हॉलमध्ये सोफा पुढेमागे करता येतो. आठ बाय दहाच्या खोलीत पलंग, कपाट आणि अभ्यासाचं टेबल यांच्या जागा ठरलेल्या असतात. बदलता येतो तो फक्त टीव्ही.

भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजू नका

भाच्याची खोली आठ फूट रुंद, म्हणजे २४४ सेंटीमीटर. एका लांब भिंतीला लागून तीन फुटी पलंग, समोरच्या भिंतीला टेबल आणि त्यावर टीव्ही. बहुतेक जण इथे "आठ फुटांचं अंतर आहे" असं धरून चालतात, आणि पहिली चूक तिथेच होते.

टीव्ही स्वतःच्या पायांवर उभा असला की त्याचा पडदा भिंतीपासून साधारण २० सेंटीमीटर पुढे येतो. भिंतीला टेकून बसलेल्या माणसाचे डोळे भिंतीपासून जवळपास २५ सेंटीमीटर पुढे असतात. दोन्ही वजा केल्यावर २०० सेंटीमीटर उरले. आठ फुटांचे साडेसहा झाले.

पण भाचा भिंतीला टेकून किती वेळ बसत होता? मी त्याला नेहमीसारखं खेळायला सांगितलं आणि तो रंगात आल्यावर कानाच्या बाजूने टेप धरून डोळ्यांपासून पडद्यापर्यंत मोजलं. कडेला येऊन वाकला की अंतर १४० सेंटीमीटर होत होतं. बैठक एकच, पण अंतरं दोन, आणि त्यांच्यात ६० सेंटीमीटरचा फरक. सिनेमा बघणारा माणूस एकदा लोडाला टेकला की दोन तास हलत नाही. खेळणारा माणूस सारखा पुढेमागे होतो. म्हणून खेळासाठी अंतर मोजायचं ते खेळतानाच, आणि दोन्ही टोकांना.

सिनेमाचं माप खेळाला तसंच का लागू होत नाही

पडदा किती मोठा वाटतो हे इंचांवर ठरत नाही. तो आपल्या नजरेचा किती कोन व्यापतो यावर ठरतं. सिनेमा आणि टीव्हीच्या तंत्रज्ञांची अमेरिकेतली संस्था, एसएमपीटीई, पडद्याने प्रेक्षकाच्या नजरेत साधारण ३० अंश तरी व्यापावेत असं सांगते. टीएचएक्स ही सिनेमागृहांना प्रमाणित करणारी संस्था घरच्या सिनेमासाठी ४० अंशांपर्यंत जाते. इंटरनेटवर "इतक्या फुटांवर इतके इंच" असे जे तक्ते फिरतात, त्यातले पुष्कळसे या दोन आकड्यांवरून केलेले असतात. ते सिनेमासाठी आहेत.

सिनेमात दिग्दर्शक आपली नजर बहुतेक वेळ मधोमध ठेवतो. कोपऱ्यात काय आहे ते दिसलं नाही तरी गोष्ट कळते. खेळात मात्र कोपऱ्यांतच कामाच्या गोष्टी असतात. एका कोपऱ्यात छोटा नकाशा, दुसऱ्यात किती जीव उरला ते दाखवणारी पट्टी, तिसऱ्यात गोळ्यांची संख्या. खेळणारा मधल्या लक्ष्यावरची नजर क्षणभर काढून कोपऱ्यात टाकतो आणि लगेच परत आणतो. दर काही सेकंदांनी हे चालू असतं.

आपल्याला अगदी स्पष्ट दिसतं ते नजरेच्या मध्यावरचे एकदोन अंशच. बाकी सगळं अंदाजाने कळतं. म्हणून कोपऱ्यातला आकडा वाचायचा तर बुबुळ तिथपर्यंत फिरवावंच लागतं. मधल्यापासून दोन्ही बाजूंना १५ अंशांपर्यंत बुबुळं विनासायास फिरतात. त्याच्या फार पुढे गेलं की मान आपोआप मदतीला येते. दोन्ही बाजूंचे मिळून हे ३० अंश झाले. पडदा एवढ्यात बसला तर मान स्थिर राहते. ४५ अंशांचा झाला की प्रत्येक नकाशाला मान हलते, आणि तासाभरात ती दुखायला लागते.

म्हणजे कोपरे म्हणतात, पडदा फार मोठा नको. आता अक्षरांचं म्हणणं ऐकायला हवं, कारण ती नेमकी उलट बाजूने ओढतात.

अक्षरं काय सांगतात

खेळातला मजकूर वाचता येत नाही ही तक्रार जुनी आहे. २००६ साली एक्सबॉक्स ३६० वर 'डेड रायझिंग' आला, तेव्हा त्यातला मजकूर नव्या एचडी टीव्हीसाठी बेतलेला होता. घरोघरी अजून जुने, कमी रेषांचे टीव्ही होते आणि त्यांवर तो वाचताच येत नव्हता. टीव्हीवर मजकूर संगणकापेक्षा लांबून वाचला जातो, हे आता खेळ बनवणारे लक्षात ठेवतात. मायक्रोसॉफ्टने त्यांच्यासाठी लिहिलेल्या सूचनांमध्ये १०८० रेषांच्या चित्रात कन्सोलवरचं अक्षर किमान २६ पिक्सेलचं असावं असं म्हटलं आहे. संगणकासाठी हाच आकडा १८ आहे.

२६ पिक्सेल म्हणजे प्रत्यक्षात केवढं, ते पडद्यावर अवलंबून असतं. ३२ इंची पडद्याची उंची ४० सेंटीमीटर. त्यावर २६ पिक्सेलच्या इंग्रजी मजकुरातलं मोठं अक्षर जेमतेम ७ मिलिमीटर उंच येतं. ४३ इंचांवर ते ९ मिलिमीटर होतं आणि ५५ इंचांवर साडेअकरा. सूचना किमान आकाराची आहे, आणि ती सगळेच खेळ पाळतात असंही नाही. पण हिशेबाला हा आकडा बरा पडतो.

आरामात वाचायला किती उंची लागते? त्यासाठी एक सोपं माप लक्षात ठेवावं. दर २ मीटर अंतरामागे १ सेंटीमीटर उंचीचं अक्षर. याहून थोडं लहानही वाचता येतं, पण मग माणूस डोळे बारीक करतो किंवा पुढे वाकतो. भाच्याच्या २ मीटरच्या बैठकीवर ७ मिलिमीटरचं अक्षर येत होतं. १४० सेंटीमीटरवर मात्र तेच ७ मिलिमीटर बरोबर पुरतं. तो नेमका १४० वर का येऊन बसत होता, याचं उत्तर इथे मिळालं. पोराला वाकायची वाईट सवय लागली नव्हती. त्याचं शरीर अक्षराला योग्य अंतर आपणहून शोधत होतं.

बहिणीच्या भीतीबद्दलही इथेच बोलायला हवं. जवळून टीव्ही बघितला की डोळे जातात, हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. त्या भीतीला एक जुनी खरी घटना बळ देऊन गेली. १९६७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या काही रंगीत टीव्हींमधून प्रमाणाबाहेर क्ष-किरण बाहेर पडत असल्याचं उघड झालं होतं. पण ते पिक्चर ट्यूबचे टीव्ही होते. आजच्या सपाट पडद्यांत ती ट्यूबच नाही, त्यामुळे तो प्रश्न उरलेला नाही. आज त्रास होतो तो वेगळा. एकाग्रतेने बघताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडून चुरचुरतात. शिवाय मूल नेहमीच डोळे बारीक करत असेल, मोठं अक्षरही वाचायला पुढे सरकत असेल, तर नवा टीव्ही घ्यायच्या आधी डोळे तपासून घ्यावेत. भाच्याचे दोन महिन्यांपूर्वीच तपासले होते आणि ठीक होते.

चारने भागा

आता कोपरे आणि अक्षरं दोघांचंही ऐकणारं एक माप हवं. मी वापरते ते असं. डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचं अंतर सेंटीमीटरमध्ये घ्या आणि ४ ने भागा. येईल तितक्या इंचांचा पडदा त्या अंतरावरून सुमारे ३१ अंश व्यापतो. पाचने भागून येतो त्याहून लहान घेऊ नका, कारण अक्षरं हातची जातील. साडेतीनने भागून येतो त्याहून मोठा घेऊ नका, कारण कोपरे नजरेबाहेर जातील.

भाच्याच्या २०० सेंटीमीटरला पाचने भागलं तर ४०, चारने ५०, साडेतीनने ५७. म्हणजे ५५ इंच या हद्दीत बसतोय, आणि भाचा लगेच खूश झाला. पण मग मी १४०चा हिशेब मांडला. चारने भागलं तर ३५, साडेतीनने ४०. तो पुढे वाकला की ५५ इंची पडदा ४७ अंशांचा होतो, आणि नकाशा बघायला मान फिरवावी लागते. ४३ इंची घेतला तर वाकलेल्या स्थितीतही ३८ अंशांच्या आत राहतो. दुसरीकडे भिंतीला टेकून बसलं तर ४३ इंचांवरचं ९ मिलिमीटरचं अक्षर २ मीटरवरून थोडं कमी पडतं. एका टोकाला एक आकार बरा, दुसऱ्या टोकाला दुसरा. अशा वेळी पडद्याशी झटत बसू नये, बैठक बदलावी.

पलंगावर एक जाड लोड होता, पाहुणे आले की टेकायला काढतात तो. मी तो भिंतीला लावून त्याला टेकायला सांगितलं. डोळे भिंतीपासून आणखी २० सेंटीमीटर पुढे आले आणि पडद्यापासूनचं अंतर १८० झालं. पाठीला आधार मिळाल्यामुळे पुढे वाकायचं कारणही कमी झालं. १८० ला चारने भागलं तर ४५. बाजारात मिळणारा ४३ इंची पडदा इथून जवळजवळ बरोबर ३० अंश व्यापतो, आणि ९ मिलिमीटरचं अक्षर त्या अंतराला पुरेसं आहे. ५० इंचीही साडेतीनच्या हद्दीत येतो. ५५ इंची येत नाही.

टेप आणि गणित नको असेल तर मुठींनी मोजा. खेळायला बसता तिथे बसा, एक हात समोर सरळ ताठ करा आणि मूठ वळा. लांब हातावरची मूठ साधारण १० अंश झाकते. पडद्याच्या डाव्या कडेपासून मुठीमागे मूठ मोजत उजवीकडे जा. तीन मुठींत पडदा झाकला गेला तर माप बरोबर. दोनच मुठी भरल्या तर अक्षरं बारीक पडणार. चारच्या वर गेलं तर मान दुखणार. लहान मुलाचा हात आखूड आणि मूठही लहान, म्हणून हे माप त्यालाही चालतं. भाच्याने जुना ३२ इंची भिंतीला टेकून मोजला. दोन मुठी भरल्या.

वर्तमानपत्राचा टीव्ही

गणित पटलं तरी मन मानत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून आम्ही रद्दीतून तीन टीव्ही बनवले. पडद्याचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपे मोजतात, त्यामुळे रुंदी आणि उंची वेगळी काढावी लागते. ४३ इंचीची रुंदी ९५ आणि उंची ५४ सेंटीमीटर. ५० इंचीची १११ आणि ६२. ५५ इंचीची १२२ आणि ६९. वर्तमानपत्रं चिकटपट्टीने जोडून या मापांचे तीन तुकडे कापले. प्रत्येकाच्या मधोमध एक ठळक फुली काढली. खालच्या डाव्या कोपऱ्यात वाटीएवढं वर्तुळ काढलं, तो नकाशा. वरच्या उजव्या कोपऱ्यात स्केचपेनने दोन आकडी संख्या लिहिली, त्या गोळ्या.

टीव्ही बाजूला ठेवून एकेक कागद टेबलाच्या वर लावला. कागद भिंतीवर २० सेंटीमीटर मागे जातो, म्हणून भाचा तेवढाच पुढे सरकून बसला. हातात कंट्रोलर, नजर फुलीवर. मी म्हणेन "नकाशा", की त्याने नकाशाकडे बघून परत फुलीवर यायचं. बहिणीला त्याच्या हनुवटीकडे बघायला बसवलं.

४३च्या कागदावर हनुवटी हलली नाही, नुसती बुबुळं फिरली. ५०च्या कागदावर वरच्या उजव्या कोपऱ्याला हनुवटी किंचित उचलली गेली. ५५च्या कागदावर ती दर वेळी हलली आणि "नकाशा", "गोळ्या" पटापट म्हणायला लागले तेव्हा तो स्वतःच म्हणाला, "मावशी, हे टेनिसची मॅच बघितल्यासारखं होतंय." त्या एका वाक्याने ५५चा विषय संपला. सांगून झालं नसतं ते कागदाने झालं.

या कागदाचा दुसरा उपयोग असा, की टीव्ही खोलीत मावतो का तेही कळतं. ५५चा कागद टेबलाच्या दोन्ही बाजूंना बाहेर जात होता आणि एक बाजू कपाटाच्या दारावर येत होती. टीव्हीचे पायही बघावेत. बऱ्याच टीव्हींना दोन टोकांना दोन पाय असतात. ते टेबलावर टेकतील का, हे दुकानात टेप नेऊन मोजलेलं बरं.

उंची आणि भोवळ

टीव्ही किती उंचावर असावा, हा प्रश्न लहान खोलीत हमखास चुकतो. जागा वाचवायची म्हणून टीव्ही भिंतीवर लावतात, आणि भिंतीवर लावणारा माणूस उभा राहून माप घेतो. मग पडद्याचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर जातो. पलंगावर लोडाला टेकलेल्या भाच्याचे डोळे ११२ सेंटीमीटरवर होते. दीड मीटरवरच्या पडद्याकडे बघायला त्याला सतत १२ अंश वर बघावं लागलं असतं. वर बघताना मानेच्या मागचे स्नायू आखडतात आणि पापण्या जास्त उघड्या राहिल्याने डोळे लवकर कोरडे होतात.

नजर सहज विसावते ती थोडी खाली. म्हणून डोळ्यांची रेघ पडद्याच्या मध्यावर किंवा थोडी वर, वरच्या तिसऱ्या भागापर्यंत, यायला हवी. अभ्यासाचं टेबल ७५ सेंटीमीटरचं, टीव्हीचे पाय सात, म्हणजे ४३ इंची पडदा ८२ ते १३६ सेंटीमीटरमध्ये येतो आणि त्याचा मध्य १०९ वर. ११२ वरच्या डोळ्यांना हे छान जुळतं. भिंतीवर लावायला तीन पैसे खर्च करायची गरजच नव्हती. कुणी जमिनीवर गादी टाकून खेळत असेल तर डोळे ८० सेंटीमीटरच्या आसपास येतात. मग टीव्हीही तितका खाली हवा.

पडदा गरजेपेक्षा मोठा झाला तर मानेखेरीज आणखी एक त्रास होतो, आणि त्याचं खरं कारण पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पात्राच्या डोळ्यांतून बघायच्या खेळांत कॅमेरा गरगर फिरतो. पडदा नजरेचा मोठा भाग व्यापत असेल तर डोळे मेंदूला सांगतात की आपण फिरतोय. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते की आपण पलंगावर बसलोय. या दोहोंच्या भांडणात मळमळतं, तसं बसमध्ये वाचताना होतं. त्यातच कन्सोलवरचे खेळ लांबून बघण्याच्या हिशेबाने दृश्याचा कोन अरुंद ठेवतात. जवळ मोठा पडदा आणि आत अरुंद दृश्य असलं की सगळं दुर्बिणीतून बघितल्यासारखं झपाट्याने सरकतं.

हे ओळखता येतं. खेळायला बसल्यावर दहा-पंधरा मिनिटांत जांभया यायला लागल्या, कपाळ जड झालं, थंड घाम सुटला, तर तो थकवा समजू नये. खेळ थांबवावा. पुढच्या वेळी थोडं मागे बसावं, खोलीतला दिवा चालू ठेवावा म्हणजे पडद्याबाहेरची स्थिर भिंत नजरेत राहते. खेळाच्या सेटिंगमध्ये दृश्याचा कोन, म्हणजे FOV, वाढवण्याची सोय असेल तर ती वापरावी. कॅमेऱ्याचे हादरे आणि हलत्या चित्राचा धूसरपणा बंद करता येत असेल तर करावा. सेटिंगमध्ये मजकुराचा आकार बदलता येत असेल तर तो आधी मोठा करून बघावा. नवीन टीव्ही घ्यायच्या आधी हा फुकटचा उपाय आहे, आणि थोड्या मोठ्या पडद्याचं काम तो करून देतो.

दोघं खेळत असतील तर

बहिणीने विचारलं, धाकटी पण खेळायला बसते, तिचं काय? प्रश्न योग्य होता. पडदा दोघांत वाटून खेळायचा असला की प्रत्येकाच्या वाट्याला निम्मंच चित्र येतं आणि बऱ्याच खेळांत अक्षरंही लहान होतात. इथे कोपऱ्यांची अडचण कमी होते, कारण ज्याचा त्याचा भाग अरुंद असतो. अक्षरांची अडचण मात्र वाढते. रोज दोघं मिळून खेळणार असतील तर चारऐवजी साडेतीनच्या बाजूला झुकावं, म्हणजे या खोलीत ५० इंची घ्यावा. या घरात धाकटी आठवड्यातून एखाद्या वेळी बसते, म्हणून ४३ वर राहिलो. दोघं शेजारी बसली की दोघांनाही पडदा थोडा तिरपा दिसतो. कोणत्या पॅनलचे रंग बाजूने बघितल्यावर फिके पडतात, हे दुकानात टीव्हीच्या समोरून दोन पावलं बाजूला जाऊन स्वतः बघावं.

चित्राच्या रेषांबद्दलही एकदोन वाक्यं. ४३ इंची पडद्यावर १०८० रेषांचं चित्र असेल तर साधारण १७० सेंटीमीटरच्या पुढे निरोगी डोळ्यांना त्यातले ठिपके सुटे दिसत नाहीत. भाचा १८० वर बसतो, पण रंगात आला की १४० वर येतो. तिथे तिरप्या कडा दातेरी दिसू शकतात. त्यामुळे फोर-के पडदा घेतला. मात्र जुन्या निन्टेन्डो स्विचसारखा कन्सोल टीव्हीला जास्तीत जास्त १०८० रेषांचंच चित्र देतो. त्याच्यासाठी फोर-केवर जास्तीचे पैसे घालण्यापेक्षा बैठक १८०च्या पुढे ठेवणं जास्त उपयोगाचं.

खोली याहूनही लहान असेल, वसतिगृहातली कॉट आणि टेबल एवढंच असेल, तरी हिशेब तोच. टेबलाजवळ बसून डोळ्यांपासून मीटरभर अंतर मिळत असेल तर चारने भागून २५ येतात. २७ इंची मॉनिटर तिथे टीव्हीपेक्षा चांगलं काम देतो. उलट दहा फुटी हॉल असेल, डोळ्यांपासून अडीच मीटर खरोखर मिळत असतील, तर ६२ येतात, आणि मग ५५ इंचीला माझी काहीच हरकत नाही.

महिन्याभराने पुन्हा डोंबिवलीला गेले. टेबलावर ४३ इंची, भिंतीला लोड, खोलीत ट्यूबलाइट चालू. मी परत दारात उभी राहिले आणि दहा मिनिटं मोजली. पडद्यावर चार वेळा मजकूर येऊन गेला आणि चारही वेळा भाच्याची पाठ लोडावरच होती. एकदाच तो पुढे आला, शेवटच्या मिनिटात गोल करायची संधी होती तेव्हा. गोल झाला आणि तो आपणहून मागे टेकला. स्वयंपाकघरातून आवाज आला नाही.